कसंतरी होतंय

नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्या रात्री मी त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून एक तक्ता तयार केला. कोणती गोळी किती वाजता, सलाईन कधी बदललं, ताप किती, पाणी किती प्यायला. सकाळी आलेल्या नर्सने तो बघून मान डोलावली, इतका नीट झाला होता. पण पहाटे तीनच्या सुमाराला माझ्या पोटात, बरगड्या मधोमध जिथे मिळतात त्याच्या जरा खाली, असं काही आवळून आलं की मला पुढे वाकून बसावं लागलं. दिवसभर पोटात धड काही गेलं नाही म्हणून असेल, असं वाटलं. थोडं खाल्लं. दुखणं हललं नाही.

आठेक दिवसांनी, घरी, तो म्हणाला, “त्या रात्री तू एकदाही माझा हात हातात घेतला नाहीस.”

“मी रात्रभर जागी होते,” मी म्हटलं.

“ते माहितीये गं. पण तुला भीती वाटली का?”

मी खरोखर विचार केला. त्या रात्रीकडे पुन्हा जाऊन पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ आठवलं, सलाईनच्या थेंबांचा वेग आठवला, खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता तेसुद्धा आठवलं. भीती कुठे दिसली नाही. “नाही,” मी म्हणाले. त्याने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या पोटात पुन्हा तेच आवळलं. मी उठून ॲसिडिटीची गोळी घेतली.

ते ‘नाही’ खोटं नव्हतं. हे मला आज ठासून सांगावंसं वाटतं, कारण नंतर कितीतरी दिवस आमच्या घरात त्या ‘नाही’वरून शांतता पसरली होती. त्याला वाटलं, हिला माझ्याबद्दल काही वाटतच नाही. मला वाटलं, मी याच्यासाठी इतकं केलं आणि हा भलतंच विचारतोय. म्हणजे, असं वाटलं हे आता लिहिते आहे. तेव्हा विचारलं असतं तर ‘डोकं दुखतंय’ एवढंच म्हणाले असते.

पोटदुखी पुढे चार महिने येत-जात राहिली. मग जबडा दुखायला लागला, सकाळी उठल्यावर दात रात्रभर काहीतरी चावत असल्यासारखे शिवशिवायचे. मध्येच छाती धडधडायची. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, ईसीजी झाला, शेवटी एंडोस्कोपीही झाली. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाला हायसं वाटायला हवं. मी मात्र प्रत्येक वेळी बाहेर येऊन पुढच्या तपासणीचा विचार करायचे, कारण दुखणं तर होतंच. प्रत्येक डॉक्टरने कधी ना कधी विचारलं, “काही टेन्शन आहे का?” आणि प्रत्येक वेळी मी “नाही” म्हटलं. अगदी प्रामाणिकपणे. प्रश्न चांगला होता, पण माझ्यासारख्या माणसाला तो विचारून उपयोग नसतो. ज्याला रंग ओळखू येत नाहीत त्याला सिग्नल लाल आहे का विचारावं, तसं ते होतं.

पाचव्या डॉक्टरांनी वेगळं विचारलं. वयस्कर बाई होत्या, फाईल शांतपणे चाळत होत्या. “गेल्या आठवड्यात सगळ्यात जोरात कधी दुखलं?” मी म्हटलं, मंगळवारी, संध्याकाळी साडेसात. “बरं. साडेसहा ते साडेसात काय काय झालं ते क्रमाने सांगा.”

हे मला येत होतं! मी क्रमाने सांगितलं. कामावरून आले. मुलीचा गृहपाठ बघितला. नवऱ्याचा फोन आला, उशीर होईल म्हणाला, मित्रांबरोबर थांबतोय. मी ‘ठीक आहे’ म्हटलं. मुलीला वही आवरायला सांगितली. मग दुखलं. “आणि त्याच्या आधी कधी?” शुक्रवार, रात्री. त्याच्या आधी आईचा फोन झाला होता. “आणि त्याच्या आधी?” अशा पाच वेळा आम्ही मागे गेलो. पाचपैकी चार वेळा दुखण्याच्या आधीच्या तासाभरात कुणा जवळच्या माणसाशी बोलणं झालं होतं आणि त्या बोलण्यात मी ‘ठीक आहे’ किंवा ‘काही नाही’ म्हटलं होतं. बाईंनी ते कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं. त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाठवताना एक वाक्य म्हणाल्या, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे: “दुखणं खरं आहे. ते मनाचे खेळ आहेत असं मी म्हणत नाहीये.”

तिथे मला पहिल्यांदा अलेक्सिथायमिया हा शब्द भेटला. पीटर सिफनिओस या मूळच्या ग्रीक मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत बोस्टनला काम करत असताना, ग्रीक भाषेतले तुकडे जोडून तो तयार केला. ‘अ’ म्हणजे अभाव, ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द, ‘थायमॉस’ म्हणजे भाव. भावनेसाठी शब्द नसणं. सिफनिओस आणि त्यांचे सहकारी जॉन नेमाया यांच्याकडे शारीरिक तक्रारींचे असे रुग्ण यायचे, जे दुखण्याचं वर्णन तासभर करत, घडलेली गोष्ट बारकाव्यांसकट सांगत, पण ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ या प्रश्नाशी अडखळत. पुन्हा विचारलं तर पुन्हा गोष्टच सांगत. हे वाचताना मला तो तक्ता आठवला. सलाईन, ताप, गोळ्या. मी नवऱ्याला त्या रात्रीची सगळी गोष्ट सांगू शकले असते. त्याला हवी होती ती एक ओळ तिच्यात नव्हती.

हा आजार नाही. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये त्याला वेगळी जागा नाही. उंचीसारखा किंवा गाता गळा असण्यासारखा हा माणसाचा गुण आहे, कुणात कमी, कुणात जास्त. साधारण दहातल्या एका माणसात तो ठळक दिसेल इतका असतो. स्वमग्न माणसांमध्ये हे प्रमाण खूप वर जातं, जवळपास निम्म्यांपर्यंत. मोजण्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती टोरंटोची वीस विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त १००. ६१ किंवा त्याहून जास्त आले तर अलेक्सिथायमिया आहे असं धरतात. माझे ६७ आले.

त्या वीस विधानांमागे तीन गोष्टी आहेत. भावना ओळखता न येणं, ओळखली तरी सांगता न येणं, आणि लक्ष सतत बाहेरच्या घडामोडींवर असणं. माझे गुण पहिल्या आणि तिसऱ्या गटात जास्त होते. प्रश्नावली भरताना मी तज्ज्ञबाईंना म्हटलं, “मला काय वाटतं तेच जर मला कळत नसेल, तर मला ते कळत नाही हे तरी मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, म्हणूनच या आकड्यावर आपण सगळा भार टाकायचा नाही. जवळच्या माणसाने भरायची वेगळी प्रश्नावलीही असते. शिवाय माणूस नैराश्यात असला की हे गुण वर चढतात आणि नैराश्य ओसरलं की थोडे उतरतात, म्हणून आधी ते तपासावं लागतं. मला झोप होती, कामात रस होता, मुलीबरोबर हसत होते. नैराश्य नव्हतं.

आता शरीराचं. भावना आधी शरीरात येते, हे ऐकायला नवं वाटतं, पण मराठी माणसाला ते नवं नसावं. आपली निम्मी भावनिक भाषा शरीराचीच आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशात आवंढा अडकतो, हातापायांतलं बळ जातं, तळपायाची आग मस्तकात जाते, ऊर भरून येतो, अंगावर काटा येतो. शरीरात घडतंही जवळपास असंच. धोक्याची किंवा दुराव्याची चाहूल लागली की हृदय वेगाने धावतं, श्वास वर-वर होतो, पोटाची हालचाल बदलते, जबडा आणि खांदे आवळले जातात. या सगळ्याची खबर मेंदूत पोचते. तिथे इन्सुला नावाचा एक भाग आहे, शरीराच्या आतून येणाऱ्या खबरा घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मग त्या खबरेला अनुभवातून, आठवणीतून आणि भाषेतून अर्थ मिळतो. पोटात गोळा, समोर पलंगावर गुंगीतला नवरा, म्हणजे ही भीती.

माझ्यात ही शेवटची पायरी गळते. खबर येते, नाव पडत नाही. इतरांना ‘पोटात गोळा आला’ म्हणजे भीती वाटली हे सांगावं लागत नाही. मला तो वाक्प्रचार आयुष्यभर माहीत होता, परीक्षेत अर्थही लिहिला होता. पण खरंच गोळा आला की मला तो पोटाचा वाटायचा.

आणि नाव न पडलेली खबर विरत नाही. भीती आहे हे कळलं तर माणूस काहीतरी करतो. हात धरतो, डॉक्टरांना पुन्हा विचारतो, कुणाला तरी फोन करतो. पोटात दुखतंय एवढंच कळलं तर गोळी घेतो. दुखण्याचं मूळ तसंच राहतं, म्हणून शरीर पुन्हा तीच खबर पाठवतं. त्यात माझं लक्ष आता पोटावर खिळलेलं. शरीरातल्या ज्या जागेवर आपण पहारा ठेवतो, तिथली बारीकशी हालचालसुद्धा मोठी वाटायला लागते. मग पोटाचीच काळजी. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पुन्हा पहिलं.

लहानपणाकडे बोट दाखवायचा मोह मला झाला होता. आमच्या घरी रडत आलं की आई म्हणायची, “रडू नकोस, काय झालं ते सांग.” मी डोळे पुसून काय झालं ते सांगायचे, आणि सांगितलं की तिचं समाधान व्हायचं. काय झालं हे सांगण्यात मी पटाईत झाले. पण त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढलेला माझा भाऊ मनातलं भडाभडा बोलतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की आनुवंशिकतेचाही यात काही वाटा असतो. काही जणांमध्ये हे जबर आघातानंतर येतं. माझं कशातून आलं हे शोधण्यात मी फार वेळ घालवला नाही.

उपचार म्हणून मला काय करायला लावलं ते सविस्तर सांगते, कारण ते इतकं साधं होतं की पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. एक वही. पानावर पाच रकाने. वेळ. शरीरात कुठे आणि कसं. आधीच्या तासात काय घडलं. काय करावंसं वाटलं. आणि शेवटचा, शब्दाचा. अट एकच: शेवटचा रकाना रिकामा ठेवायला पूर्ण परवानगी, पण पहिले चार भरायचेच.

चौथ्या रकान्यात खरी किल्ली होती. भावनांची जाण कशी वाढत जाते याच्या पायऱ्या संशोधकांनी मांडल्या आहेत. सगळ्यात खाली असतं शरीरातलं जाणवणं. त्याच्या वर, काहीतरी करावंसं वाटणं. त्याच्या वर एखादी सरळ भावना, राग किंवा दुःख. आणि त्याही वर एकाच वेळी दोन-तीन भावना मिसळलेल्या ओळखणं. मी पहिल्या पायरीवर उभी राहून तिसऱ्या पायरीवर उडी मारू बघत होते. मधली पायरी म्हणजे काय करावंसं वाटलं ते पाहणं.

तिसऱ्या आठवड्यातली एक नोंद जशीच्या तशी देते.

‘बुधवार, सायं. ७.४०. जबडा आवळलेला, दोन्ही बाजूंनी, कानापर्यंत. हात गरम. आधी: त्याचा फोन, आजही उशीर. मी ठीक आहे म्हटलं. काय करावंसं वाटलं: भांडी आपटून ठेवावीशी. फोन उलटा ठेवला. शब्द: —’

तज्ज्ञबाईंनी वही वाचली. मला म्हणाल्या, “ही नोंद तुमची नाही असं समजा. एका गोष्टीतली बाई आहे. नवऱ्याचा फोन येतो, ती ठीक आहे म्हणते, तिचा जबडा आवळतो आणि तिला भांडी आपटावीशी वाटतात. त्या बाईला काय झालंय?”

मी लगेच म्हणाले, “तिला राग आलाय.”

आणि मग बराच वेळ मी काही बोलले नाही. जबड्यात अजूनही थोडं आवळलेलं होतं, कारण ते वाचताना ते परत आलं होतं. ती आवळण आणि ‘राग’ हा शब्द एकमेकांशेजारी ठेवून मी बघत होते. चाळिशी ओलांडलेली बाई, मुलगी सहावीत, आणि राग असा असतो हे मला त्या खुर्चीत बसून समजत होतं. बाईंनी घाई केली नाही. थोड्या वेळाने विचारलं, “फक्त रागच का? फोन उलटा का ठेवला?” मी म्हणाले, त्याचं नाव स्क्रीनवर दिसू नये म्हणून. “का दिसू नये?” कारण तो परत फोन करणार नाही हे दिसलं असतं. हे बोलताना माझा आवाज चिरकला आणि घशाशी काहीतरी दाटलं. ती चौथी पायरी होती, दोन भावना एकात एक. दुसरीला मी त्या दिवशी नाव दिलं नाही. नंतर पंधरा दिवसांनी, दुसऱ्याच कुठल्यातरी नोंदीशी, लिहिलं: ‘एकटं वाटणं’.

शब्द सापडला की दुखणं जादूने थांबतं, असं मी सांगणार नाही. जबडा त्या बुधवारनंतरही दुखत राहिला. फरक पडला तो दुखण्यानंतर मी काय करते यात. गोळीच्या डब्याकडे जायच्या आधी वही उघडायची सवय लागली. कधी कधी शब्द मिळायचा, आणि मग त्या शब्दाचं काय करायचं हे साधारण कळायचं. राग असेल तर बोलता येतं. ‘मला आधी कळवत जा, ऐनवेळी नको.’ हे वाक्य मी लग्नाच्या तेराव्या वर्षी पहिल्यांदा बोलले. सहा महिन्यांत जबड्याचं दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. पोटाचं जायला अजून वेळ लागला, ते पूर्ण गेलं असं आजही म्हणवत नाही.

वहीने एक अनपेक्षित गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. पाचव्या महिन्यात सलग तीन दिवस कंबर दुखल्याच्या नोंदी आल्या. तिसरा रकाना भरायला बसले तर काही सापडेना. फोन नाही, वाद नाही, दुखणं झोपेतून उठल्यावरही तितकंच. चौथ्या रकान्यात फक्त ‘आडवं व्हावंसं वाटतं’. आधीच्या पानांशी हे जुळत नव्हतं. मी तडक डॉक्टरांकडे गेले. लघवीचा संसर्ग निघाला, अँटिबायोटिक घेतलं, बरी झाले. वही नसती तर मी दोनपैकी एक चूक केली असती: एकतर पुन्हा सगळ्या तपासण्यांची फेरी, नाहीतर ‘माझं सगळं मनातूनच येतं’ म्हणून दुर्लक्ष. ही दुसरी चूक जास्त धोक्याची. अलेक्सिथायमिया असलेल्या माणसाचं शरीर आजारीही पडतं. नवं दुखणं, वाढत जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं, सोबत ताप किंवा वजन घटणं, यातलं काहीही असलं तर वही बाजूला ठेवून आधी तपासणी.

आणखी एक, गमतीची वाटावी पण माझ्यासाठी मोठी गोष्ट. कित्येक नोंदींत ‘चिडचिड, डोकं जड’ लिहिलेलं असायचं आणि वेळ पाहिली तर जेवणाची टळलेली वेळ. भूक. शरीराच्या आतल्या खबरा वाचण्यातच गडबड असेल तर भूक, थकवा आणि राग यांतही गल्लत होते. मुलीवर मी कितीतरी वेळा ओरडले असेन, भूक लागली होती म्हणून.

आता नवऱ्याबद्दल. दहा-बारा वर्षं तो एका बंद दारासमोर उभा होता, असं तो म्हणतो. दार बंद करणारी मी आहे असं त्याला वाटायचं, म्हणून तो आधी ठोठवायचा, मग चिडायचा, मग निघून जायचा. उशिरा येणं वाढलं ते त्यातूनच. भावना लपवणारा माणूस आणि भावना न ओळखणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. दोघंही ‘काही नाही’ म्हणतात. लपवणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं. त्याला विश्वास वाटला तर तो बोलतो. माझ्यावर विश्वासाचा कितीही वर्षाव केला असता तरी मी काय सांगणार होते? उलट ‘बोल ना, बोल ना’ म्हटलं की माझ्या शरीरात धडधड वाढायची, त्या धडधडीलाही नाव नसायचं, आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे. त्याच्या दृष्टीने मी निघून गेले.

हे त्याला समजावून सांगायला तज्ज्ञबाईंनी त्याला दोनदा बोलावलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, “म्हणजे हिला प्रेम वाटत नाही असं नाही, तर वाटतं ते हिला कळत नाही?” बाई म्हणाल्या, “ऑपरेशनच्या रात्री त्यांच्या पोटात काय झालं ते विचारा.” त्याने विचारलं. मी बरगडीखालची जागा दाखवली, वाकून बसले होते ते सांगितलं, तीन वाजले होते ते सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी तीन वाजता कण्हत होतो. मला आठवतंय.” ते मला माहीत नव्हतं. म्हणजे कण्हणं ऐकलं होतं, तक्त्यात लिहिलंही होतं. पोटाशी त्याचा संबंध लावला नव्हता.

त्याला एक चूक सोडायला फार जड गेलं. माझा शब्द सापडेपर्यंत त्याला धीर धरवत नसे. “तुला राग आलाय का? वाईट वाटलं का? तू हर्ट झालीस का?” त्याने पुढे केलेला पहिला शब्द मी उचलायचे. मी खोटं बोलत नव्हते. तो शब्द तयार होता आणि माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तो खराच वाटायचा. मग त्या शब्दावरून भांडण व्हायचं, आणि तो शब्द मुळात माझा नसायचा. आता त्याने प्रश्न बदललाय. तो विचारतो, “कुठे होतंय?” मी जागा सांगते. “काय करावंसं वाटतंय?” ते सांगते. तिथे तो थांबतो. शब्द मी दुसऱ्या दिवशी सांगितला तरी चालतो, नाही सांगितला तरी चालतो, असं आमचं ठरलंय. कधी कधी त्याचा तोल जातो. त्याने जन्मभर असे हळू हळू प्रश्न विचारत राहावं ही अपेक्षा मोठी आहे, हे मला कळतं. त्यालाही एखाद्या दिवशी न मागता एक वाक्य हवं असतं. त्याबाबतीत मी कमी पडते. वर्षाने प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा ५८ आले. म्हणजे मधला पट्टा, असेल किंवा नसेलही. मी रातोरात वेगळी बाई झालेली नाही.

काही जण म्हणतील, प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची गरजच काय. मला ते पटत नाही. ज्यांना आतलं आपोआप कळतं त्यांना शब्दाशिवाय चालत असेल. माझ्यासाठी शब्द नसणं म्हणजे चार महिने तपासण्या आणि दहा-बारा वर्षं खिडकीबाहेर बघणारा नवरा होता.

गेल्या महिन्यात तो कामासाठी नऊ दिवस बाहेरगावी गेला. चौथ्या रात्री मी वही उघडली. ‘रा. १०.१५. घशाशी दाटलेलं, गिळताना अडकतंय. आधी: काही नाही, त्याची उशी सरळ केली. काय करावंसं वाटलं: त्याच्या बाजूला झोपावंसं.’ शेवटच्या रकान्यात पेन्सिलने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग फोन लावला.

“झोपली नाहीस?” तो म्हणाला.

“घशाशी कसंतरी होतंय.”

“कधीपासून?”

“तुझी उशी सरळ केली तेव्हापासून.”

पलीकडून काही आवाज आला नाही. त्याने कुठलाही शब्द पुढे केला नाही. मी वहीतल्या पेन्सिलच्या अक्षरांकडे बघत होते, ती वाचून दाखवावीत की नाही ते ठरत नव्हतं. फोन चालू होता. तो थांबला होता.